‘शिवीगाळ केली’ एवढ्यावर भागत नाही. शिवी कानडीत, धमकी हिंदीत, मग तक्रारीत लिहायचं काय?

सोलापूर : नवी पेठेत सणाच्या आधी खरेदीला गेलं की चार भाषा कानावर पडतात. दुकानदार गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतो, शेजारच्या दुकानदाराशी कानडीत बोलतो, पूर्व भागातून आलेल्या विणकर बाईला तेलुगूत भाव सांगतो आणि हमालाला सोलापुरी हिंदीत हाक मारतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या माणसाला यात नवल वाटत नाही. भांडण झालं तरी ते असंच होतं. शिवी एका भाषेत, दमदाटी दुसऱ्या भाषेत आणि शेवटचा शब्द तिसऱ्याच भाषेत.

अडचण पुढे येते, पोलीस ठाण्यात. फिर्याद मराठीत लिहिली जाते. तिथे नेहमीचं एक वाक्य तयार असतं : ‘आरोपीने अश्लील भाषेत शिवीगाळ करून जीवे मारण्याची धमकी दिली.’ भांडण पार्किंगचं असो, बांधाचं असो की पाण्याच्या पाळीचं, वाक्य तेच. नेमके शब्द काय होते हे त्यात कुठेच नसतं. फिर्यादी सही करून घरी येतो आणि वर्ष-दोन वर्षांनी कोर्टात त्याला विचारलं जातं, ‘नेमकं काय म्हणाला ते सांगा.’ प्रकरण ढिलं पडायला सुरुवात तिथूनच होते.

आपल्या जिल्ह्यात ही अडचण दुप्पट आहे, कारण शब्द जसाच्या तसा लिहायचा आणि त्याचा अर्थही इमानाने सांगायचा. या दोन कामांची गल्लत झाली की खरी तक्रारसुद्धा खोटी वाटू लागते. म्हणून हा विषय जरा नीट उलगडून पाहू.

एक प्रसंग धरून चालू

समजा, अक्कलकोट तालुक्यातला एक शेतकरी मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला नवी पेठेत आला. मोटारसायकल एका दुकानासमोर लावली. आतून एक जण बाहेर आला आणि लोकांसमोर ओरडला :

‘ए बोळी मगना, गाडी किधर लगाया रे? दुकान क्या तेरे बाप का है? परत दिसलास तर कैकाल मुरितीनि.’

(हा प्रसंग समजावण्यासाठी रचलेला आहे. तो कोणत्याही खऱ्या माणसाचा किंवा दुकानाचा नाही.)

तीन वाक्यं आणि तीन भाषा. पहिल्या वाक्यातली शिवी कानडी आहे, बाकीचं हिंदी. दुसरं वाक्य पूर्ण हिंदी. तिसऱ्याची सुरुवात मराठी आणि शेवट कानडी. शेतकऱ्याला कानडी येते, त्यामुळे त्याला सगळं समजलं. बरोबर मोहोळचा मेहुणा होता. त्याने सगळं ऐकलं, पण शेवटचे दोन शब्द त्याला कळले नाहीत. ‘काय काल मुरतीनी असं काहीतरी म्हणाला’ एवढंच तो सांगतो. आणि ठाण्यात लिहून घेणारे अंमलदार दुसऱ्या जिल्ह्यातले असले तर त्यांनाही कानडीचा गंध नसेल.

आता हीच फिर्याद तीन तऱ्हांनी बिघडते.

पहिली तऱ्हा म्हणजे वर दिलेलं तयार वाक्य. शब्दच नाहीत, तर शिवी किती गंभीर होती हे ठरवायचं कशावरून?

दुसरी तऱ्हा म्हणजे परस्पर मराठीकरण. अंमलदार विचारतात, ‘बोळी मगना म्हणजे काय?’ शेतकरी लाजत सांगतो, ‘आईवरची शिवी आहे साहेब.’ मग फिर्यादीत अवतरणचिन्हात येतं, ‘तुझ्या आयला.’ हे शब्द त्या माणसाने उच्चारलेच नव्हते. पुढे एक साक्षीदार ‘बोळी मगना’ सांगतो, फिर्यादीत ‘तुझ्या आयला’ आहे, आणि समोरचा वकील एवढंच विचारतो की दोघांपैकी खरं कोण?

तिसरी तऱ्हा सर्वांत घातक, ती म्हणजे वाढवून लिहिणं. ‘कैकाल मुरितीनि’चं ‘जीवे ठार मारीन’ होतं. शेतकऱ्याला वाटतं, जोरदार लिहिलं तर केस पक्की होईल. प्रत्यक्षात उलटं होतं.

शब्द एका जागी, अर्थ दुसऱ्या जागी

यावरचा उपाय साधा आहे. जे कानांनी ऐकलं ते अवतरणचिन्हात, देवनागरीत, जसं ऐकलं तसं. त्याचा अर्थ त्यानंतर, वेगळ्या वाक्यात, ‘म्हणजे’ असं म्हणून. दोन्ही एकमेकांत मिसळायचे नाहीत.

‘जसं ऐकलं तसं’ म्हणजे अगदी तसंच. तो ‘मगना’ म्हणाला असेल तर ‘मगना’च लिहा. पुस्तकी कानडीत ‘मगने’ असतं म्हणून ‘मगने’ करू नका. ‘लगाया रे’ म्हणाला असेल तर शुद्ध हिंदी करून ‘लगाई है’ लिहू नका. ‘ए’, ‘रे’, ‘लो’, ‘रा’ हे बारके शब्दसुद्धा सोडू नका. कानडीतला ‘लो’ किंवा तेलुगूतला ‘रा’ अनोळखी, वडीलधाऱ्या माणसाला लावला तर त्यातच अर्धा अपमान असतो. मराठीत वयस्कर माणसाला ‘ए, इकडे ये रे’ म्हटल्यासारखं ते आहे.

अर्थाला दोन थर असतात. एक शब्दशः अर्थ आणि दुसरा वापरातला अर्थ. ‘बोळी मगना’ घ्या. शब्दशः ‘बोडकीच्या पोरा’. बोळी म्हणजे केस काढलेली विधवा, मराठीतल्या जुन्या ‘बोडकी’सारखाच शब्द. नुसता हा अर्थ लिहिला तर वाचणाऱ्याला वाटेल, यात एवढं काय? वापरात मात्र ही आईच्या चारित्र्यावर जाणारी शिवी आहे. नवरा नसलेल्या बाईचं पोर, असा तिचा रोख. म्हणून दोन्ही थर लिहायचे. पण ‘वापरातला अर्थ’ म्हणून अवतरणचिन्हात ‘रांडेच्या’ असं बसवायचं नाही. ती शिवी वेगळी, तिचं वजन वेगळं आणि त्या माणसाने ती दिलेली नाही.

तेलुगूचं एक उदाहरण पाहा. ‘दोंगा ना कोडका’ ही शिवी पूर्व भागात ऐकू येते. दोंगा म्हणजे चोर, ना म्हणजे माझा, कोडका म्हणजे हे मुला. शब्दशः झालं ‘चोर, माझ्या मुला’. हे वाचून कोर्टात हसू येईल, शिवी कळणार नाही. परक्या माणसाला ‘माझ्या मुला’ म्हणण्यात त्याच्या आईवर बोट जातं, म्हणून ती शिवी होते. हे एका वाक्यात सांगितलं तरच अर्थ इमानाने पोचतो. इथे नुसता शब्दशः अर्थ अपुरा पडतो, आणि नुसता वापरातला अर्थ दिला तर मूळ शब्द हरवतो.

धमकीत एक शब्द इकडचा तिकडे झाला तर

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या भारतीय दंड संहितेतली ५०४, ५०६ ही ओळखीची कलमं गेली. शांतता भंग व्हावी म्हणून जाणूनबुजून केलेला अपमान आता कलम ३५२ मध्ये येतो, धमकी कलम ३५१ मध्ये.

कलम ३५१ मध्ये साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. धमकी जीव घेण्याची किंवा ‘गंभीर दुखापत’ करण्याची असेल तर सात वर्षांपर्यंत. फिर्यादीत ‘जीवे मारण्याची धमकी’ सरसकट का येते, याचं एक कारण इथे दिसतं.

आता आपला शेतकरी बघा. ‘कै’ म्हणजे हात, ‘काल’ म्हणजे पाय, ‘मुरितीनि’ म्हणजे मोडीन. पूर्ण अर्थ, ‘हातपाय मोडीन’. आणि हाड मोडणं हे कायद्याच्या व्याख्येत, कलम ११६ मध्ये, गंभीर दुखापतच आहे. म्हणजे खरे शब्द लिहिले असते तरी त्या जास्त शिक्षेच्या कलमाचा विचार झालाच असता. ‘जीवे मारीन’ घालून मिळालं काहीच नाही. उलट साक्षीदार ‘कैकाल मुरितीनि’ सांगतो, फिर्याद ‘ठार मारीन’ सांगते आणि खरी फिर्याद बनावट वाटू लागते.

दुसऱ्या बाजूला काही शब्द मुळातच मोघम असतात. हिंदीतलं ‘तेरेकु देख लूंगा’ किंवा आपलं ‘तुला बघून घेतो’. यात काय करणार ते सांगितलेलं नाही. याचा अर्थ ‘जीवे मारीन’ असा लिहिणं इमानाचं नाही. तसंच लिहायचं आणि त्या वेळी त्याच्या हातात काय होतं, तो किती जवळ आला, आधी काय वाद होता ते जोडायचं. धमकीचं वजन या गोष्टींवरून ठरतं.

‘परत दिसलास तर’ ही अटसुद्धा गाळायची नाही. ती गाळली की धमकीचा रोख बदलतो. शेतकऱ्याला भर बाजारात यायलाच मज्जाव केला जातोय, हे त्या अटीतूनच दिसतं.

कोर्टांनी काय म्हटलंय

शब्द लिहिणं किती गरजेचं, यावर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत आणि ते एकमेकांशी ताडून बघायला हवेत.

२०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, जुन्या कलम ५०४ बद्दल, न्यायालयाने म्हटलं की शिवीचे शब्द जसेच्या तसे तक्रारीत असलेच पाहिजेत असा कायदा नाही. तक्रार पूर्ण वाचायची, प्रसंग, पार्श्वभूमी, कोण कोणाला म्हणालं, कसं म्हणालं हे बघायचं. म्हणजे शब्द आठवत नाहीत म्हणून कोणी तक्रारच करू नये, असं नाही.

पण अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्यात चित्र जास्त कडक आहे. उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात १९ मे २०२३ रोजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट आणि न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्यापुढे निकाल झाला. भांडण सांडपाणी जाण्यावरून. फिर्यादीत जातीवरून शिवीगाळ झाल्याचा आरोप होता, पण उच्चारलेले शब्द ना फिर्यादीत होते, ना दोषारोपपत्रात. शिवाय आरोपी, फिर्यादी, त्याची पत्नी आणि मुलगा यांच्याशिवाय पाचवा, बाहेरचा माणूस तिथे असल्याचा उल्लेखही नव्हता. न्यायालयाने तो खटला रद्द केला. फिर्याद म्हणजे सगळ्या बारीकसारीक गोष्टींचा कोश नव्हे हे मान्य करून न्यायालय म्हणालं की लोकांच्या नजरेसमोर काय उच्चारलं गेलं ते फिर्यादीत नसलं तरी निदान दोषारोपपत्रात मांडलेलं असावं. त्याशिवाय गुन्हा होतो की नाही हे कोर्टाने ओळखायचं कसं?

‘अश्लील शिवीगाळ’ या शब्दाचंही तसंच. २०२२ मध्ये तामिळनाडूतल्या एका प्रकरणात, अश्लील शब्दांच्या जुन्या कलम २९४ बद्दल, न्यायालयाने बघितलं की तक्रारीत शब्दच दिलेले नाहीत. नुसतं घाण बोलणं म्हणजे कायद्यातलं अश्लील नव्हे, असं सांगून ते प्रकरण पुढे जाऊ दिलं नाही. हे कलम आता न्याय संहितेत २९६ आहे. म्हणजे तयार वाक्यातला ‘अश्लील’ हा शब्दसुद्धा शब्दांशिवाय उभा राहत नाही.

सार एवढंच. शब्द आठवले नाहीत तर दार बंद होत नाही. पण शब्द आठवत असून लिहिले नाहीत, तर ते दार आपणच बंद करतो.

जातीचा शब्द दुसऱ्या भाषेत असेल तर

अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या कलम ३(१)(आर) मध्ये हिणवण्याच्या हेतूने केलेला अपमान आणि ३(१)(एस) मध्ये जातीच्या नावाने शिवी येते. दोन्हींत ‘लोकांच्या नजरेसमोर’ ही अट आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आणि दंड.

इथे भाषेची गफलत जास्त महाग पडते. एकाच समाजाला मराठीत एक नाव, कानडीत दुसरं आणि तेलुगूत तिसरं. काही वेळा तीनही राज्यांत जातींची रचनाच वेगळी, त्यामुळे नावाला नाव अगदी जुळतही नाही. कोणी कानडी शब्दाने हिणवलं आणि अंमलदारांनी त्या जागी मराठी जातीचं नाव लिहिलं, तर फिर्यादीत न उच्चारलेला शब्द येतो. ‘जातीवाचक शिवीगाळ केली’ एवढंच लिहिलं तर कोणताच शब्द येत नाही.

बरोबर पद्धत अशी : उच्चारलेला शब्द अवतरणचिन्हात लिहायचा. तो कोणत्या भाषेतला, ते सांगायचं. आपल्या भागात तो शब्द कोणत्या समाजाला हिणवायला वापरतात, ते सांगायचं. आपली जात प्रमाणपत्रावर जशी आहे तशी वेगळ्या वाक्यात लिहायची आणि ती आरोपीला कशावरून माहीत, तेही. बातमीत आम्ही अशा शब्दांवर फुल्या टाकतो, ते योग्यच आहे. फिर्यादीत मात्र फुल्या चालत नाहीत.

याच कायद्याच्या कलम ४ मध्ये लोकसेवकाची कर्तव्यं दिली आहेत. तोंडी सांगितलेली माहिती लिहून झाल्यावर सहीआधी फिर्यादीला वाचून दाखवणं, हे त्यात स्पष्ट आहे. सर्वसाधारण फिर्यादीतही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे वाचून दाखवणं आणि प्रत फुकट देणं बंधनकारक आहे. वाचताना कान एकाच जागी ठेवा, अवतरणचिन्हातल्या शब्दांवर. जातीचे शब्द पहिल्या फिर्यादीत नसतील आणि आठ दिवसांनी पुरवणी जबाबात आले, तर ते नंतर सुचले असा संशय घ्यायला समोरच्याला जागा मिळते.

ज्याला भाषा कळत नाही, त्याने काय सांगायचं

मोहोळच्या मेहुण्याकडे परत येऊ. त्याला कानडी येत नाही. त्याने अर्थ सांगायचा नाही, आवाज सांगायचा. ‘मला कानडी येत नाही. शेवटी तो काय काल मुरतीनी असं काहीतरी म्हणाला, तसं मला ऐकू आलं.’ हे वाक्य कमजोर वाटतं, पण ते सोन्यासारखं आहे. कानडी न येणाऱ्या माणसाने ‘हातपाय मोडीन म्हणाला’ असं छातीठोक सांगितलं तर उलटतपासणीत पहिला प्रश्न येतो, ‘तुम्हाला कानडी येतं का?’ आणि साक्ष तिथेच संपते. त्याऐवजी त्याचा मोडकातोडका आवाज शेतकऱ्याच्या ‘कैकाल मुरितीनि’शी जुळतो. दोघांनी पढवून एक वाक्य पाठ केलेलं नाही, हे त्यातून आपोआप दिसतं.

ज्याने ऐकलं त्यानेच सांगायचं, हा पुराव्याचा जुना नियम आहे. म्हणून ऐकणारा आणि भाषा कळणारा असा तिसरा कोणी असेल, म्हणजे शेजारचा फुलवाला किंवा रिक्षावाला, तर त्याचं नाव फिर्यादीत यायला हवं. शिवी खाल्लेल्या माणसालाच भाषा येत नसेल आणि अर्थ नंतर कोणी सांगितला असेल, तर तेही तसंच लिहायचं : ‘या शब्दांचा अर्थ मला तिथे हजर असलेल्या अमुक यांनी सांगितला.’ मग पोलीस त्या अमुक यांचा जबाब घेतील.

कोर्टातही हीच रीत आहे. जिल्ह्यातल्या कोर्टाची भाषा मराठी. साक्षीदार दुसऱ्या भाषेत बोलला तर त्याची साक्ष त्याच भाषेत उतरवता येते, आणि मराठीतलं खरं भाषांतर नोंदीला जोडलं जातं. शब्द आणि अर्थ वेगळे ठेवण्याची सोय कायद्यातच आहे.

मग फिर्यादीत हा भाग कसा दिसेल

आपल्या प्रसंगातला शिवीगाळीचा परिच्छेद साधारण असा होईल :

‘सदर इसम दुकानाच्या बाहेर रस्त्यावर येऊन माझ्यापासून दोन-तीन फुटांवर उभा राहून मोठ्याने म्हणाला, “ए बोळी मगना, गाडी किधर लगाया रे? दुकान क्या तेरे बाप का है? परत दिसलास तर कैकाल मुरितीनि.” यातील “बोळी मगना” आणि “कैकाल मुरितीनि” हे शब्द कानडी आहेत. मला कानडी भाषा लहानपणापासून समजते. “बोळी मगना” म्हणजे शब्दशः बोडक्या बाईच्या मुला. आमच्याकडे ही आईच्या चारित्र्यावरची शिवी समजली जाते. “कैकाल मुरितीनि” म्हणजे हातपाय मोडीन. बाकीचे शब्द हिंदी व मराठी आहेत. त्या वेळी माझा मेहुणा व रस्त्यावरील इतर लोक हजर होते. त्याआधी त्याने आणखी काही शब्द उच्चारले, ते मला नीट आठवत नाहीत.’

शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. आठवत नाही ते आठवत नाही म्हणून लिहिलं की जे आठवतं त्यावर विश्वास बसतो. आणि ‘रस्त्यावर’, ‘मोठ्याने’, ‘इतर लोक हजर’ हे शब्द भरतीचे नाहीत. भर रस्त्यात म्हटलेलं आणि बंद गोदामात चौघांत म्हटलेलं, यात कायदा फरक करतो, विशेषतः अत्याचार प्रतिबंध कायद्यात.

हे सगळं ठाण्यात उभं राहून आठवत नाही. म्हणून भांडण मिटल्यावर लगेच, गावी परतण्याआधी, फोनवर स्वतःच्या आवाजात ते शब्द बोलून ठेवा किंवा कागदावर लिहा. तारीख-वेळ टाका. रात्री पाहुण्यांना चार वेळा गोष्ट सांगितली की शब्द बदलतात, हे आपल्याला गावातल्या प्रत्येक भांडणावरून माहीत आहे.

बाईला अशी शिवी तोंडाने सांगणं जड जातं. तिने कागदावर लिहून दिली तरी चालते. बाईच्या लज्जेला धक्का देणाऱ्या शब्दांसाठी कलम ७९ आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तिची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. ‘महिला अंमलदार बोलवा’ एवढं म्हणायचा तिला हक्क आहे.

कोणी व्हिडिओ काढला असेल तर मूळ फोनमधली मूळ फाइल जपा. कापून स्टेटसला टाकलेला तुकडा किंवा व्हॉट्सॲपवर फिरून आलेली प्रत मूळ ठरत नाही. कोर्टात अशी फाइल देताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. आणि व्हिडिओ असला तरी फिर्यादीत शब्द लिहायचेच. बाजाराच्या गोंगाटात रेकॉर्डिंगमधला कानडी शब्द पुसट ऐकू येतो, तेव्हा तो लिहिलेला असणं कामी येतं.

एन.सी. झाली तर सगळं वाया का?

नुसत्या शिवीगाळीचं कलम ३५२ अदखलपात्र आहे. पोलीस नोंद घेतात, प्रत देतात, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. आणि एक बारकावा. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद आता कुठल्याही ठाण्यात देता येते, तिलाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. पण अदखलपात्र प्रकरण ज्या हद्दीत घडलं तिथल्याच ठाण्यात नोंदवायचं असतं. नवी पेठेतलं भांडण अक्कलकोटच्या ठाण्यात जाऊन एन.सी. होत नाही.

एन.सी. झाल्यावर थेट दंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करण्याचा रस्ता उरतो. तिथे तक्रारदाराला शपथेवर विचारलं जातं, आणि नव्या कायद्यात दखल घेण्याआधी समोरच्यालाही म्हणणं मांडायची संधी मिळते. तिथे पहिला कागद बघितला जातो तो एन.सी.चा. त्यात ‘शिवीगाळ दमदाटी’ एवढेच दोन शब्द असतील तर शपथेवर सांगितलेली सगळी वाक्यं नवी वाटतात. त्यात ‘बोळी मगना’ आणि ‘कैकाल मुरितीनि’ असेल, तर सहा महिन्यांनीही माणूस त्याच जागेवर उभा असतो.

यात दुसऱ्या बाजूचाही न्याय आहे. ज्याने रागात ‘हातपाय मोडीन’ म्हटलं, त्याने त्याचंच उत्तर द्यावं, न म्हटलेल्या ‘ठार मारीन’चं नाही. उद्या आपल्याच घरातला पोरगा आरोपीच्या जागी उभा राहिला तर आपणही हेच म्हणू, ‘तो जे बोलला तेवढंच लिहा.’

म्हणून पुढच्या वेळी ठाण्यात टेबलापलीकडून तयार वाक्य ऐकू आलं, तर शांतपणे एवढंच म्हणा : ‘साहेब, तो जे म्हणाला तेच शब्द लिहा. अर्थ मी खाली सांगतो.’